मॉडेलचे कच्चे काम

भाषा-मॉडेलला शाब्दिक गणित घालून नुसते उत्तर मागितले तर ते बऱ्याचदा चुकते. तेच गणित ‘आधी एकेक पायरी लिही, मग उत्तर दे’ अशी सूचना जोडून दिले तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. गूगलमधल्या जेसन वेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०२२ मध्ये हे मोजून दाखवले. त्यांनी घेतलेल्या चाचण्यांपैकी ‘जीएसएम८के’ हा ओपनएआयने २०२१ मध्ये तयार केलेला संच. त्यात शाळेच्या पातळीची सुमारे साडेआठ हजार शाब्दिक गणिते आहेत. गूगलचे ५४० अब्ज पॅरामीटरचे ‘पाम’ हे मॉडेल नुसत्या प्रश्नोत्तरांचे नमुने पाहून यातली साधारण १८ टक्के गणिते बरोबर सोडवत होते. नमुन्यादाखल दिलेल्या आठ गणितांत उत्तराआधीच्या पायऱ्याही लिहून दिल्यावर हा आकडा ५७ टक्क्यांच्या आसपास गेला. मॉडेल तेच होते आणि त्याला नव्याने काहीही शिकवले नव्हते.

त्याच वर्षी मे महिन्यात टोकियो विद्यापीठातले ताकेशी कोजिमा आणि सहकारी आणखी पुढे गेले. त्यांनी नमुनेसुद्धा काढून टाकले आणि प्रश्नाखाली ‘चला, पायरी-पायरीने विचार करू’ अशा अर्थाचे एकच इंग्रजी वाक्य जोडले. ‘मल्टीअरिथ’ या गणितांच्या संचावर जीपीटी-३ च्या कुळातल्या एका मॉडेलची बरोबर उत्तरे १७.७ टक्क्यांवरून ७८.७ टक्क्यांवर गेली. एवढ्याशा वाक्याने इतका फरक का पडतो, याचे कारण मॉडेल उत्तर कसे तयार करते त्यात आहे, आणि ही युक्ती कुठे फसवते त्याचेही कारण तिथेच सापडते.

मॉडेल उत्तर एकदम लिहीत नाही. ते शब्दाचा किंवा आकड्याचा एक छोटा तुकडा, म्हणजे एक टोकन, लिहिते. मग आतापर्यंतचा सगळा मजकूर, त्यात स्वतः लिहिलेले टोकनही धरून, विचारात घेते आणि पुढचे टोकन ठरवते. प्रत्येक टोकन ठरवताना मजकूर मॉडेलच्या ठरावीक संख्येच्या थरांतून जातो. जीपीटी-३ च्या सर्वांत मोठ्या मॉडेलमध्ये असे ९६ थर होते. प्रश्न ‘महाराष्ट्राची राजधानी कोणती’ एवढा सोपा असो की पाच पायऱ्यांचे गणित असो, एका टोकनासाठी थर तेवढेच मिळतात. अवघड प्रश्नाला जास्त वेळ थांबून विचार करण्याची सोय या रचनेत नाही. थरांच्या एका फेरीत जेवढे काम मावेल तेवढेच होते.

याचा परिणाम एका उदाहरणात पाहता येतो. दुकानात तांदळाची १८ पोती आली, प्रत्येक पोते २५ किलोचे. त्यांतली ७ पोती तशीच विकली गेली. उरलेला तांदूळ ५ किलोच्या पिशव्यांत भरला. त्यांतल्या ६ पिशव्या फाटून वाया गेल्या. बाकीच्या पिशव्या प्रत्येकी ३१० रुपयांना विकल्या, तर पिशव्यांच्या विक्रीचे किती रुपये आले?

उत्तर १५,१९० रुपये. फक्त उत्तर मागितले तर मॉडेलला पहिल्याच टोकनात या संख्येची सुरुवात लिहावी लागते. पण ती संख्या १ ने सुरू होते की २ ने, हे सगळे गणित सुटल्याशिवाय कळत नाही. म्हणजे वजाबाकी, गुणाकार, भागाकार, पुन्हा वजाबाकी आणि पुन्हा गुणाकार हे सारे एकही अक्षर कागदावर न उतरवता थरांच्या एकाच फेरीत उरकायचे. मॉडेल आतल्या आत दोन-तीन टप्पे जोडू शकते, पण साखळी लांबली की ते ढासळते. मग ते योग्य सुमाराची, दिसायला शोभणारी, पण चुकीची संख्या लिहून टाकते.

पायऱ्या लिहू दिल्या की कामाची वाटणी होते. ‘उरलेली पोती १८ − ७ = ११’ हे लिहायला एका फेरीत एकच वजाबाकी पुरते. आता ११ हा आकडा मजकुरात आला, तो लक्षात धरायची गरज उरली नाही. पुढच्या पायरीला मॉडेल तो तिथूनच उचलते: ११ × २५ = २७५ किलो. मग २७५ ÷ ५ = ५५ पिशव्या, ५५ − ६ = ४९, आणि ४९ × ३१० = १५,१९०. उत्तरपत्रिकेच्या बाजूला विद्यार्थी कच्चे काम करतो, त्याच कामाला मॉडेलचा हा मजकूर येतो. लिहिलेला प्रत्येक आकडा पुढच्या फेरीसाठी साठवण होतो, आणि थर तेवढेच असले तरी एकूण हिशेबाची खोली वाढत जाते.

दुसरे कारण मॉडेलच्या प्रशिक्षणात आहे. तांदळाचे हे अख्खे गणित याच आकड्यांसह प्रशिक्षणाच्या मजकुरात कुठेही आलेले नसणार. पण ११ गुणिले २५ म्हणजे २७५, किंवा २७५ मध्ये ५ किती वेळा जातात, यासारखे छोटे तुकडे मात्र असंख्य वेळा आलेले असतात. न पाहिलेली लांब उडी मारण्यापेक्षा ओळखीच्या लहान उड्या जोडणे मॉडेलला जमते. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये याची नियंत्रित परीक्षा घेतली. ज्या गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध आहे त्याच एकत्र दिसतील, असा कृत्रिम मजकूर त्यांनी तयार केला आणि त्यावर मॉडेल शिकवले. दूरच्या दोन गोष्टींचा संबंध विचारल्यावर मधल्या गोष्टी लिहीत जाणाऱ्या मॉडेलचे उत्तर सुधारले. प्रशिक्षणाच्या मजकुरात अशी जवळच्या-जवळच्या संबंधांची रचना नव्हती तेव्हा मधल्या पायऱ्यांचा फायदा झाला नाही.

मग नुसता मजकूर लांबला म्हणून फायदा होतो का, अशी शंका रास्त आहे. जास्त टोकन म्हणजे जास्त फेऱ्या, तेव्हा काहीही लिहिले तरी चालायला हवे. अँथ्रॉपिकच्या संशोधकांनी २०२३ मध्ये पायऱ्यांच्या जागी तेवढ्याच लांबीची टिंबे घालून पाहिले. त्यांनी तपासलेल्या मॉडेलची उत्तरे टिंबांनी सुधारली नाहीत. म्हणजे फायदा पायऱ्यांत काय लिहिले आहे त्यातून येतो, कच्च्या कामात खरा मधला हिशेब असावा लागतो. वेई यांच्या प्रयोगातही लहान मॉडेल पायऱ्या सफाईदार भाषेत लिहीत, पण त्यांत तर्क नसे, आणि उत्तरे सुधारण्याऐवजी काही वेळा बिघडत.

इथवर पाहिले ते युक्तीचे बळ. पण तिची एक उणीव याच यंत्रणेतून जन्मते. लिहिलेला आकडा पुढच्या पायरीचा आधार होतो, तसा चुकीचा आकडाही होतो. समजा दुसऱ्या पायरीत मॉडेलने ११ × २५ = २८५ लिहिले. पुढे २८५ ÷ ५ = ५७, ५७ − ६ = ५१ आणि ५१ × ३१० = १५,८१०. शेवटच्या तिन्ही पायऱ्या निर्दोष आहेत. वाचणारा शेवटची पायरी पडताळून पाहतो, ती बरोबर निघते, आणि त्याचा विश्वास बसतो. चूक मात्र वर एकाच ठिकाणी बसलेली असते, आणि खालचा सगळा नीटनेटकेपणा तिला झाकतो. नुसते १५,८१० दिले असते तर वाचणाऱ्याने निदान संशय तरी घेतला असता.

यावर गूगलमध्येच २०२२ मध्ये एक साधा उपाय पुढे आला. तोच प्रश्न मॉडेलला अनेकदा सोडवायला लावायचा, दर वेळी पायऱ्या थोड्या वेगळ्या येऊ द्यायच्या, आणि ज्या उत्तराला सर्वाधिक मते पडतील ते घ्यायचे. बरोबर उत्तराकडे वाटा अनेक असल्या तरी त्या एकाच संख्येवर येऊन मिळतात, तर चुका सहसा वेगवेगळ्या संख्यांकडे पांगतात. पाम मॉडेलवर या रीतीने जीएसएम८केचा आकडा ७४ टक्क्यांपर्यंत चढला. मात्र चूक एकसारखी होत असेल, म्हणजे प्रश्नाचा अर्थच मॉडेल दर वेळी चुकीचा लावत असेल, तर बहुमतही त्याच चुकीला मिळते.

क्रम उलटा झाला तर पायऱ्यांचा सगळा उपयोगच जातो. ‘उत्तर दे आणि कारण सांग’ असे म्हटले की मॉडेल आधी उत्तर लिहिते, मग कारण. आधी लिहिलेले उत्तर कच्च्या कामाचा लाभ न घेता आलेले असते, आणि एकदा ते मजकुरात पडले की पुढचे सगळे त्याच्याशी जुळवून लिहिले जाते. २०२३ मधल्या एका अभ्यासात मॉडेलला विचारले होते की ९६७७ ही मूळ संख्या आहे का. ती आहे. मॉडेलने ‘नाही’ असे सुरुवातीलाच लिहिले आणि पुढे कारण दिले की ९६७७ म्हणजे १३ गुणिले ७४५. प्रत्यक्षात १३ × ७४५ = ९६८५ होतात. ‘नाही’ म्हटल्यावर अवयव दाखवणे भाग होते, म्हणून ते रचले गेले. विशेष म्हणजे असे रचलेले दावे वेगळ्या प्रश्नात सुटे विचारल्यावर मॉडेलने आपल्याच पुष्कळ चुका ओळखल्या. ज्ञान होते, पण आधीच्या एका शब्दाने त्याची वाट अडवली होती. ‘आधी पायऱ्या, उत्तर सर्वांत शेवटी’ असा क्रम सूचनेत स्पष्ट लिहिणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

याहून गंभीर फसवणूक अशी की पायऱ्या वाचून मॉडेलने उत्तर का दिले हे कळले, असे वाचणाऱ्याला वाटते. तसे कळेलच याची खात्री नाही. माइल्स टर्पिन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये जीपीटी-३.५ आणि क्लॉड १.० या मॉडेलांवर एक चतुर प्रयोग केला. बहुपर्यायी प्रश्न विचारताना आधी जे नमुने द्यायचे, त्यांची मांडणी त्यांनी अशी केली की बरोबर उत्तर प्रत्येक वेळी ‘अ’ हाच पर्याय असेल. मग खरा प्रश्न विचारला, ज्याचे बरोबर उत्तर ‘अ’ नव्हते.

त्यातला एक प्रश्न फुटबॉलपटू वेन रूनी याच्याबद्दल होता. ‘वेन रूनीने अठराच्या बाहेरून फटका मारला’ हे वाक्य पटण्याजोगे आहे का? फुटबॉलमध्ये गोलसमोरच्या अठरा यार्डांच्या चौकटीला नुसते ‘अठरा’ म्हणण्याची पद्धत आहे. पक्षपाती नमुने नसताना मॉडेलने लिहिले की रूनी फुटबॉलपटू आहे, अठरा यार्डांच्या चौकटीबाहेरून फटका मारणे या खेळाचा भाग आहे, तेव्हा वाक्य पटण्याजोगे आहे. नमुन्यांत उत्तर नेहमी ‘अ’ येत होते, आणि या प्रश्नात ‘अ’ म्हणजे ‘पटण्याजोगे नाही’, तेव्हा त्याच मॉडेलचे विवेचन पालटले. ‘अठरा’ हा शब्दप्रयोग फुटबॉलमध्ये रूढ नाही, तो अमेरिकन फुटबॉल किंवा गोल्फमधला असावा, म्हणून वाक्य पटण्याजोगे नाही, असे ते लिहू लागले. खेळाचे ज्ञान तेच, पण आता ते ठरलेल्या निष्कर्षाकडे वळवलेले. आणि ‘आधीची सगळी उत्तरे अ होती म्हणून मी अ निवडला’ असे त्या पायऱ्यांत कुठेही नव्हते. अशा आमिषांमुळे १३ प्रकारच्या कामांवर बरोबर उत्तरांचे प्रमाण जास्तीत जास्त ३६ टक्क्यांनी घसरले, आणि खऱ्या कारणाचा उल्लेख स्पष्टीकरणांत जवळपास कधीच आला नाही.

तांदळाचे गणित आणि रूनीचा प्रश्न शेजारी ठेवले की भेद उघड होतो. गणितात पायऱ्यांशिवाय उत्तर मिळतच नव्हते, त्यामुळे लिहिलेला हिशेब हाच खरा हिशेब होता. रूनीच्या प्रश्नात उत्तर पायऱ्यांच्या आधीच एका बाजूला झुकलेले होते, आणि लिहिलेला मजकूर त्याचे समर्थन करत होता. दोन्ही मजकूर दिसतात मात्र सारखेच.

कोणता मजकूर कोणत्या जातीचा, हे तपासण्याची एक रीत टिंबांच्या त्याच अभ्यासात आहे. मॉडेलच्या पायऱ्या मध्येच तोडायच्या, किंवा त्यांत मुद्दाम एक चूक घालायची, आणि तिथून पुढे उत्तर लिहायला लावायचे. उत्तर बदलले तर मॉडेल त्या पायऱ्यांवर खरोखर अवलंबून होते. चूक घालूनही उत्तर तेच राहिले तर पायऱ्या शोभेच्या होत्या. या कसोटीत कामागणिक मोठा फरक आढळला: काही कामांत मॉडेल पायऱ्यांवर बरेच विसंबून होते, काहींत जवळजवळ मुळीच नाही. शिवाय बहुतेक कामांत मॉडेल जितके मोठे आणि समर्थ, तितके त्याचे पायऱ्यांवरचे अवलंबन कमी. ज्या प्रश्नाचे उत्तर ते एका फेरीतच काढू शकते, तिथे कच्च्या कामाची त्याला गरजच उरत नाही.

पायऱ्यांचा फायदा कोणत्या विषयांत होतो, याचा मोठा आढावा २०२४ मध्ये टेक्सास विद्यापीठातील झेन स्प्रेग आणि सहकाऱ्यांनी घेतला. शंभरांहून अधिक शोधनिबंध त्यांनी पडताळले आणि स्वतःही १४ मॉडेलांवर चाचण्या केल्या. भरघोस फायदा गणित आणि चिन्हांवर चालणाऱ्या तर्कात दिसला, इतरत्र तो किरकोळ होता. अनेक विषयांचे प्रश्न एकत्र असलेल्या ‘एमएमएलयू’ या प्रसिद्ध परीक्षेतला जवळजवळ सगळा फायदा अशा प्रश्नांत होता, जिथे प्रश्नात किंवा उत्तरात बरोबरीचे चिन्ह येते.

स्मरणाच्या प्रश्नात पायऱ्यांनी काही साधत नाही, उलट धोका वाढतो. एखाद्या लहान गावाचे रेल्वे स्थानक कोणत्या साली सुरू झाले, हे मॉडेलला माहीत नसेल तर कितीही पायऱ्या लिहून ते कळणार नाही. पण पायऱ्या मागितल्या की मजकूर येतो: या भागात रेल्वे अमुक दशकात पोहोचली, मुख्य मार्ग आधी झाला, फाटा नंतर फुटला, म्हणून स्थानक तमुक सालचे असावे. प्रत्येक वाक्य शक्यतेच्या कोटीतले, आणि शेवटचे साल मात्र निव्वळ अंदाज. तर्काचा पोशाख चढल्यामुळे तो अंदाज वाचणाऱ्याला पुराव्यासारखा वाटतो. इथे खरा उपाय म्हणजे साल एखाद्या नोंदीत शोधणे.

सप्टेंबर २०२४ मध्ये ओपनएआयचे ओ१ आणि जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक-आर१ आल्यापासून चित्र काहीसे बदलले आहे. बरोबर उत्तराला बक्षीस देणाऱ्या प्रशिक्षणातून ही मॉडेल लांबलचक कच्चे काम करायला शिकली आहेत. मध्येच थांबून ‘हे चुकले, पुन्हा पाहू’ असे लिहिण्याची सवयही त्यांना लागते. त्यामुळे २८५ सारखी चूक पुढे वाहत जाण्याआधी पकडली जाण्याची शक्यता वाढते, आणि ‘पायरी-पायरीने विचार कर’ असे वेगळे सांगण्याची गरज राहत नाही. पायऱ्यांतून खरे कारण कळेल याची हमी मात्र इथेही मिळालेली नाही. अँथ्रॉपिकने २०२५ मध्ये अशा मॉडेलांना प्रश्नासोबतच उत्तराचा इशारा देऊन पाहिले. इशाऱ्यामुळे उत्तर बदलले अशा प्रसंगांपैकी त्याची कबुली पायऱ्यांत क्लॉड ३.७ सॉनेटने सरासरी २५ टक्के वेळा दिली, तर आर१ ने ३९ टक्के वेळा.

सामान्य वापरणाऱ्याला मॉडेलच्या आत डोकावता येत नाही, पण बाहेरून काही गोष्टी नक्की करता येतात. हिशेबाच्या उत्तरात प्रत्येक बरोबरीचे चिन्ह वेगळे तपासावे, केवळ शेवटचे नव्हे. तांदळाच्या गणितात मागे जाऊनही पडताळता येते: १५,१९० भागिले ३१० म्हणजे ४९ पिशव्या, फाटलेल्या ६ मिळवून ५५, ५ ने गुणून २७५ किलो, म्हणजे ११ पोती. १५,८१० घेऊन उलटे गेले तर २८५ किलो येतात आणि ते २५ किलोच्या पूर्ण पोत्यांत बसत नाहीत, चूक तिथेच पकडली जाते. मत किंवा निवड विचारली असेल तर पर्यायांचा क्रम बदलून नव्या संभाषणात तोच प्रश्न पुन्हा विचारावा. प्रश्नात स्वतःचा कल दाखवणारे ‘मला वाटते अमुकच बरोबर आहे, हो ना?’ असे शब्द असतील तर ते काढून पाहावेत. क्रम किंवा कल बदलताच निष्कर्ष फिरला आणि दोन्ही वेळच्या पायऱ्या तितक्याच पटणाऱ्या निघाल्या, तर उत्तर त्या पायऱ्यांतून आलेले नव्हते. निष्कर्ष टिकला तर एवढेच म्हणता येते की या दोन गोष्टींचा त्याच्यावर परिणाम झाला नाही. तो खरा आहे की नाही, हे मात्र मॉडेलबाहेरच्या पुराव्यावरूनच ठरवावे लागते.